हळदीचं आमंत्रण मागे घेताना

विवाहाच्या अॅपवर भेटलेल्या माणसाने सहाव्या दिवशी मला ‘बायको’ म्हटलं आणि मला ते आवडलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बरंच शहाणपण सांगणार आहे, आणि ते सगळं नंतर सुचलेलं आहे.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. पहिलं लग्न मोडून आठ वर्षं झाली होती. रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते आणि राहायला सीवूड्सजवळच्या आमच्या गावात, आईबरोबर. गाव म्हणायचं ते आता चारी बाजूंनी टॉवरांनी घेरलेल्या चार गल्ल्या, पण त्या चार गल्ल्यांत कोणाच्या घरी किती वाजता कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई भाजी आणायला गेली की बायका माझी चौकशी करायच्या, आणि आई मान खाली घालून ‘बघताव’ म्हणायची. तिची ती खाली गेलेली मान मला सगळ्यात जास्त टोचायची.

तो खारघरचा, आयटीतला, चाळिशीचा, तोही घटस्फोटित. पहिल्या दिवशी ‘तुम्ही’, दुसऱ्या दिवशी ‘तू’, तिसऱ्या दिवशी ‘असं मला आजवर कोणाबद्दल वाटलं नाही’. चौथ्या दिवशी आम्ही सीवूड्सच्या मॉलमध्ये कॉफी प्यायलो. मला सुके बोंबील आवडतात म्हटलं तर त्यालाही जीव की प्राण. मला गर्दी आवडत नाही, तर त्यालाही गर्दीत गुदमरायला होतं. मी जे म्हणेन ते त्याचं आधीच होतं. घरी पोहोचेपर्यंत त्याने आम्ही कुठल्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा तेही लिहून पाठवलं. ‘मी अॅप काढून टाकलं, तूही टाक. आता शोधायचं काय राहिलंय?’ मी काढलं. आठ वर्षं कोणी तुमच्याकडे धड पाहिलेलं नसलं की असं बोलणं थंड पाण्यासारखं घटाघटा प्यायलं जातं.

सातव्या दिवशी माझ्या हातून खरी चूक झाली. चुलतभावाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. त्याच्या हळदीच्या पत्रिकेचा फोटो मी या खारघरवाल्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ये’.

बाहेरच्याला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या गावात हळद हा लग्नापेक्षा मोठा सोहळा. मुलीच्या शब्दावर आलेला परका पुरुष एकदा घरच्या पुरुषांच्या पंक्तीला बसला, की तो घरचा जावई ठरतो. साखरपुडा नंतर सावकाश करतात. मी आईला सांगितलं, आईने काकीला, आणि दोन दिवसांत अख्ख्या आळीला कळलं की हिचं जमलं. आता तो हळदीला आला असता तर मला मागे फिरता आलं नसतं. एकदा मोडलेलीला दुसऱ्यांदा मोडायची मुभा कोण देतो?

शंका मला आली नाही. ती आपाला आली. आपा माझ्या लॅबमधली सीनियर, अलिबागकडच्या कोकणी मुसलमान घरातली, मोजकं बोलणारी बाई. आमच्या कारखान्यात चटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटमुळे मोबाइल आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत मी फोन काढला तर त्यावर एक्केचाळीस मेसेज. सुरुवातीला ‘आठवण येतेय’, मग ‘बिझी आहेस का’, मग ‘कोणाबरोबर आहेस’, मग ‘ठीक आहे, मीच वेडा’, आणि शेवटी ‘सॉरी राणी, तुझ्याशिवाय जमत नाही गं’. मी लाजत आपाला दाखवले. तिने डबा बाजूला ठेवून ते खालपासून वरपर्यंत वाचले.

“त्याला सांगितलंस ना, फोन लॉकरमध्ये असतो म्हणून?”

“दोनदा सांगितलं.”

“मग एक काम कर. पहिल्यापासून चॅट काढ, आणि त्याने तुला काय काय विचारलंय ते बघ. तो बोलला ते नको. विचारलं ते.”

त्या संध्याकाळी मी खाडीकडच्या बाकावर बसून अकरा दिवसांचं चॅट चाळलं. त्याच्या प्रेमाने पानं भरली होती. प्रश्न मात्र मोजकेच: कुठे आहेस, कोण आहे बरोबर, उत्तर का नाही दिलंस, माझ्यावर प्रेम आहे ना. मी लॅबमध्ये नक्की काय करते, पहिलं लग्न का मोडलं, बाबा कशाने गेले, यातलं एकही त्याने विचारलं नव्हतं. ज्या बाईवर तो एवढा जीव ओवाळून टाकत होता तिची त्याला साधी माहितीही नव्हती. मला आधी राग आला नाही, लाज वाटली. कारण मीही त्याला फारसं काही विचारलं नव्हतं. स्तुती ऐकण्यातच माझा वेळ गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, “आपा, लबाड असेल का गं?”

“मला काय माहीत? लबाड असेल, नाहीतर एकटेपणाने पिसाळलेला असेल. घाईत दोघं सारखेच दिसतात. तू वेग कमी कर, मग कळेल. नीट माणूस असेल तर हिरमुसेल, पण थांबेल.”

कसं सांगायचं हेही तिनेच सांगितलं. दोष द्यायचा नाही, ‘तू असं करतोस’ म्हणायचं नाही. आपल्याला काय हवं ते सांगायचं, मोघम नाही, दिवसवार. आणि एकदाच सांगायचं. वाद घालत बसलं की आपण पुरावे देत राहतो आणि समोरचा ते खोडत राहतो.

मी मेसेज चार वेळा लिहून खोडला. शेवटी पाठवला तो असा: ‘तुझ्याशी बोलायला मला आवडतं. पण हे माझ्यासाठी फार वेगाने चाललंय आणि मला तुला नीट ओळखायचंय. शिफ्टमध्ये मेसेज नकोत, संध्याकाळी एकदा फोनवर बोलू. रविवारी भेटू. लग्न, फ्लॅट हे विषय तीन महिने बाजूला ठेवू. हळदीला बोलावण्यात मी घाई केली, ती चूक माझी. घरच्यांना नंतर भेटशील. चालेल का?’

हे लिहिताना मला मनापासून वाटत होतं की त्याने फक्त ‘चालेल’ म्हणावं. तेवढं म्हणून तो तसा वागला असता तर कदाचित आज मी खारघरला असते.

त्याने ‘चालेल’ म्हटलंही. ‘तू म्हणशील तसं, राणी.’ आणि पुढच्या दुपारी कारखान्याच्या गेटवर पन्नास गुलाब आले. वॉचमनने रजिस्टरमध्ये माझं नाव लिहून सही घेतली, आणि पॅकिंगमधल्या बायका दोन दिवस मला ‘वहिनी’ म्हणत होत्या. मी त्याला लिहिलं, ‘फुलं छान होती, पण कामावर काही पाठवू नकोस.’ त्यावर सूर बदलला. मी अजून पहिल्या नवऱ्यातच अडकलेय. ती लॅबवाली माझे कान भरतेय. जीव लावला हीच त्याची चूक. मग दोन दिवस चिडीचूप. त्या दोन दिवसांत मी सारखी फोन बघत होते, आणि तिसऱ्या सकाळी जणू काही घडलंच नाही असा ‘गुड मॉर्निंग बायको’ आला तेव्हा मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला भीती वाटली. याची सवय लागली तर मी आयुष्यभर त्याच्या गुड मॉर्निंगची वाट बघत बसणार होते.

मी लिहिलं, ‘तीन महिन्यांचं ठरलं होतं. बायको म्हणू नकोस.’ त्याचं उत्तर मला आलं नाही. ते काकाला गेलं.

आमच्या पत्रिकेवर खाली निमंत्रकांचे नंबर असतात. त्याने पहिलाच नंबर लावला, तो माझ्या थोरल्या काकाचा, आणि सांगितलं की मी तुमचा होणारा जावई, हळदीला माझी आई आणि बहीणही येतील, मुलगी जरा घाबरलीय, तुम्ही समजवा. काका खूश. त्याने तिघांची सोय करायला घेतली आणि तसं आईला येऊन सांगितलं.

मी कामावरून आले तर आई ओट्यापाशी उभी होती. “बाय, त्याची आय पन येतेय. तू बोलली का नाय?”

मी फोन तिच्या हातात दिला नाही, समोर बसून वाचून दाखवला. एक्केचाळीस मेसेज, गुलाब, दोन दिवसांची चुप्पी, माझा मेसेज, आणि मग काकाचा फोन. सांगितलं, “मी त्याला थांब म्हटलं. तो माझ्याकडे थांबला नाही, माझ्या मागून तुमच्याकडे आला. माझा नकार त्याला ऐकायलाच येत नाही, आई. लग्नानंतर येईल का?” आईने उठून भात लावला. मला वाटलं, संपलं, ही आता समाजाचं सांगणार.

मी त्याला शेवटचा मेसेज केला. शिवी नाही, हिशेब नाही. ‘मी तुम्हाला हळू चला म्हटलं, ते तुम्हाला जमलं नाही. मला असा संसार नको. हळदीला येऊ नका, घरच्यांना फोन करू नका. तुमचं भलं होवो.’ मग त्याचा नंबर ब्लॉक केला. काकाला मीच जाऊन सांगितलं. तो चिडला, “लोकांना काय सांगू आता?” म्हणाला, पण तो नंबर त्यानेही ब्लॉक केला. तो माणूस पुन्हा आमच्या वाटेला आला नाही. तो लबाड होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. माझं ‘थांब’ त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात बायका वड्यांचं पीठ मळत बसल्या होत्या. धवलारीण लग्नातली गाणी, धवले, म्हणत होती. ती दम खायला थांबली, तेव्हा एक आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय गो, जावई येनार व्हता ना? परत मोडला का?”

माझे हात पिठातच थांबले. मला वाटलं, आईची मान आता खाली जाणार.

आई पीठ मळता मळताच म्हणाली, “मोडला नाय. माझी पोर ‘नाय’ बोलली.” मग हात पुसून आत्याकडे बघत म्हणाली, “पयल्या वक्ताला आठ दिसांत लगीन ठरवला व्हता. पोर बोलत व्हती, आय, थांब जरा. मी आयकला नाय. आता मना काय घाई नाय.”

आठ वर्षांत ती हे मला कधीच बोलली नव्हती. मला रडू आलं, आणि हात पिठाने भरलेले असल्यामुळे ते पुसताही येईना.