पाठीचे शॉट

सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या दादाचं एक ठाम मत होतं की ज्यांना हाताने काही येत नाही, तेच कागद काळे करतात. म्हणून धाकट्या भावाची बायको वही घेऊन दुकानात आली तेव्हाच त्याने नाक मुरडलं. शिकवणीचे व्हिडिओ काढणं हा तिचा धंदा. दादाच्या लेखी तो धंदाच नव्हता, पण या वेळी गरज त्याचीच होती.

कंबर पार गेली होती. वाकून काम फार दिवस निभणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. कारागिरी शिकवणाऱ्या एका संस्थेत शिक्षकाची जागा निघाली होती. स्प्रिंगा कशा बांधायच्या ते दाखवणारा व्हिडिओ मागवला होता, आणि तो पाहून नवख्याला स्प्रिंग बांधायची सुतळीची गाठ जमली पाहिजे, अशी अट होती. ही जागा गेली की दादाने घरी बसायचं आणि भिंतीकडे बघायचं.

"आधी बसून शॉटची यादी करू," ती म्हणाली. "कुठला शॉट, कॅमेरा कुठे, किती जवळून, तेव्हा तुम्ही काय बोलणार. मग चौकटी आखून कच्ची चित्रं काढू. एकदा कापड चढलं की आतलं काही दिसणार नाही, दादा."

"मी काय नाटकात काम करतोय? मी खुर्ची भरतो, तू बघत बस. लाव तो कॅमेरा!"

तिने दोनदा समजावलं. मग म्हणाली, "बरं, तुमची मर्जी," आणि लावला. दादा असा काही रंगात आला की विचारू नका! पट्ट्या ताणल्या, स्प्रिंगा बसवल्या, सुतळी ओढली, वर गोणपाट, काथ्या, कापड, खिळे. मधूनमधून कॅमेऱ्याकडे बघून शहाणपणही पाजळलं. दुपारी खुर्ची तयार.

मग तिने लॅपटॉप उघडला. पट्ट्या दिसत होत्या, कापड दिसत होतं. गाठीची वेळ आली की मात्र पडदाभर दादाचा निळा शर्ट. दुसऱ्या स्प्रिंगेलाही शर्ट, तिसरीलाही शर्ट.

"तूच नीट धरला नाहीस," दादा गुरगुरला.

"मी तीनदा जागा बदलली. मी सरकले की तुम्ही वळत होता."

खरंच वळत होता. त्याच्या उस्तादाने गाठ कधी उघड दाखवली नव्हती. दादाने ती चोरून पाहून उचलली आणि मग स्वतःही लपवली. दुकानात कुणीही जवळ आलं की खांदा आपोआप आडवा व्हायचा. इतका जुना कारागीर, आणि कॅमेऱ्यालाही चोर समजत होता!

आता खुर्ची उसवणं आलं. ठोकलेले खिळे उपटताना त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ती पुढ्यात बसली, पानावर चौकटी आखल्या आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"शिकणाऱ्याला काय दिसतं, ते काढा."

त्याने खुर्ची काढली, काडीचा माणूस काढला. माणूस पाठमोरा.

"ही पाठ बघून गाठ येईल कुणाला?"

दादाने खोडलं. मग कधी नव्हे ते चित्राकडे नीट बघितलं आणि कॅमेरा आपल्या डाव्या खांद्यावरून खाली बघतोय असा काढला. पुढच्या चौकटीत नुसते दोन हात. डावा स्प्रिंग दाबतो, उजवा सुतळी फिरवतो. बाणही त्यानेच काढला. शेवटच्या चौकटीत ओढून घट्ट झालेली गाठ, एकटीच. कापडाखाली जाणाऱ्या शॉटांवर तिने लाल खूण केली आणि ते झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, अशी तंबी दिली. दादाचं बसायचं स्टूल जागचं हलू नये म्हणून जमिनीवर चिकटपट्टी लावली. चित्रीकरण सुरू झालं. खांदा वळायला लागला की ती नुसती "चौकट!" म्हणायची. दादा दात खात सरळ व्हायचा. गोणपाट चढायच्या आत लाल खुणेचे सगळे शॉट झाले.

संध्याकाळी धाकटा बायकोला न्यायला आला. आयुष्यभर टेम्पो चालवलेला माणूस. पोरवयात हीच गाठ शिकव म्हणून दादाच्या मागे लागला होता. दादाने त्याला "तुझ्या हातात कलाच नाही" म्हणून पिटाळलं होतं.

"ह्यांनाच जमतं का बघू," ती म्हणाली आणि सुतळी, सुटी स्प्रिंग नवऱ्यापुढे ठेवली. धाकट्याने व्हिडिओ बघितला, एक शॉट पुन्हा लावून बघितला. डाव्या हाताने स्प्रिंग दाबली, उजव्याने सुतळी फिरवली आणि ओढली. गाठ बसली. त्याने स्प्रिंग हलवून बघितली, गाठ तसूभरही सरकली नाही.

दादाला जागा मिळणार होती. त्याने हसायचा प्रयत्न केला.

धाकटा हसला नाही. त्या गाठीकडे बघत म्हणाला, "एवढंच होतं, दादा?"