माठ भरलेलेच होते

पाथर्डी फाट्याकडे तेव्हा द्राक्षबागा मोडून प्लॉट पडत होते. त्यातल्या एका प्लॉटवर तीन मजली इमारतीचं काम चालू होतं आणि मी तिथे साइट इंजिनियर होते. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. सिव्हिलचा डिप्लोमा केलेल्या बायका नाशकात तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे मजूर मला 'बाई' म्हणायचे आणि ठेकेदार शेठ 'म्याडम' म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मी शेठकडून एक गोष्ट मिळवली होती. आदल्या मे महिन्यात एक गवंडी भर दुपारी चक्कर येऊन परांचीवरून पडला होता. पाय मोडला, जीव वाचला. ते दाखवून मी म्हटलं की एप्रिल-मेमध्ये बारा ते साडेतीन काम बंद ठेवायचं. सकाळी साडेसहाला सुरू करायचं, संध्याकाळी साडेसहाला सोडायचं. हजेरी पूर्ण. मजुरीला कात्री नाही. शिवाय हिरव्या जाळीची सावली आणि चार माठ.

शेठ माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. एक महिना बघू म्हणाला. काम मागे पडलं, किंवा इतकं करूनही कुणी पडलं, तर बंद. शहाण्णव सालचा बांधकाम मजुरांचा कायदा होता, त्यात पाणी आणि बाकीच्या सोयी लिहिलेल्या होत्या. पण आपल्या राज्यात त्याचे नियम व्हायला आणखी काही वर्षं जायची होती आणि तोवर साइटवर विचारायला कुणी येत नव्हतं. म्हणजे जे काही होतं ते शेठच्या शब्दावर होतं. तो शब्द टिकवणं हे मी माझं काम मानलं.

म्हणून मी माठांवर लक्ष ठेवायचे. एक मजूर रोज पहाटे ते भरायचा, वर ओलं पोतं गुंडाळायचा. दुपारपर्यंत पुरुषांकडचे दोन माठ रिकामे व्हायचे. बायका बसायच्या त्या कडेचे दोन अर्ध्यावरही यायचे नाहीत. मला वाटलं, चला, पाणी कमी पडत नाही. तसं मी शेठला सांगितलंसुद्धा.

बायका बहुतेक सुरगाण्याच्या. भात-नागलीचं काम संपलं की जीपने नाशकात यायच्या, पावसाच्या तोंडावर परत जायच्या. त्यांतल्या दोघी सख्ख्या जावा होत्या. थोरली पस्तिशीची, काटक, बोलायला कमी. धाकटी तिच्या वाटचंही बोलायची. मुकादम रागावला की धाकटी म्हणायची, "मुकादम, तुमचा आवाज सिमिटात कालवा, भिंत लवकर वाळंल." मुकादमसुद्धा हसायचा.

पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या दिवशी ठरलं होतं की साडेपाचला सुरू करू आणि बाराच्या आत उरकू. स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबत नाही, असं सगळे मानतात. सुट्टी त्या दिवशी लागू नव्हती. मिक्सर आला साडेसातनंतर. मी तेव्हाच काम दुसऱ्या दिवसावर ढकलायला हवं होतं. सळई बांधून तयार, सेंटरिंगच्या फळ्या-टेकूंचं भाडं चालू, माणसं जमलेली. मी म्हटलं, करा सुरू.

मिक्सरपासून वरपर्यंत परांचीवर साखळी लागली. घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात. साखळीतला माणूस जागा सोडू शकत नाही, सोडली की खालचं घमेलं तिथेच अडतं. थोरली परांचीच्या मधल्या टप्प्यावर होती, उन्हात. सव्वाअकराच्या सुमारास तिने घमेलं घेतलं आणि पुढे देण्याऐवजी छातीशी धरून उभी राहिली. धाकटी वरच्या टप्प्यावरून म्हणाली, "दे ना गं, त्याचं काय बाळ केलंस?" दोघी-तिघी हसल्या. थोरली काहीतरी बोलली, ते कुणाला कळलं नाही. मग बसली आणि कलंडली. मागच्या गड्याने धरलं म्हणून खाली गेली नाही.

मी हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही. सावलीत नेलं, चोळी सैल केली, लुगडं माठांच्या पाण्याने भिजवलं, दोन बायकांना घमेल्यांनी वारा घालायला लावलं. कुणीतरी तोंडाशी पाण्याचा पेला आणला तो मी बाजूला केला. शुद्धीवर नसलेल्या माणसाला पाणी पाजत नाहीत.

मुकादम म्हणाला, तिला सावलीत राहू द्या, बाकीचे कामाला लागू, अर्धाच राहिलाय. साखळीतल्या बायकांनी आपापली घमेली खाली ठेवली होती. मी गवंड्याला सांगितलं की तुळईच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाच्या, मध्यावर फळी उभी लावायची, तिथपर्यंतचं कॉंक्रीट पुरं करायचं आणि थांबायचं. तेवढं पुरुषांनी केलं. जोड गाळ्याच्या मध्यावर घेतला तर स्लॅबला धोका नसतो. नंतर तो टोकरून, धुऊन, सिमेंटची रबडी ओतून पुढे काम करता येतं. हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. तरी तोवर मीही म्हणत होते की स्लॅब थांबत नाही.

शेठच्या जीपमधून तिला सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. धाकटी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिथल्या तरुण डॉक्टरने बर्फ मागवला, सलाइन लावलं आणि धाकटीला विचारलं की हिला लघवी कधी झाली होती. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. पहाटे अंधारात, म्हणाली. डॉक्टरने विचारलं, आणि पाणी कधी प्यायली? तेव्हाही तिने तेच सांगितलं. पहाटे.

मी म्हटलं, माठ भरलेले होते की.

"पानी पिऊन जायाचं कुठं, बाई?"

तिने हे रागाने विचारलं नाही. मला माहीत नसेल, म्हणून विचारल्यासारखं विचारलं.

मला माहीत होतं. माझ्या स्कूटीच्या डिकीतली बाटली घरून भरून यायची आणि भरलेलीच घरी जायची. सकाळी साइटवर आले की बाराला घरी जेवायला जाईपर्यंत मी घोटभरही पाणी प्यायचे नाही. हे मी कधी ठरवलं नव्हतं, इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं होतं. पुरुष भिंतीच्या आडोशाला जात. बायकांसाठी पूर्वी द्राक्षबागेचा आडोसा होता, आता चहूबाजूंनी नव्या इमारतींच्या गॅलऱ्या झाल्या होत्या. बायका पहाटे एकदा जात आणि अंधार पडल्यावर एकदा. मधे पाणी पीत नसत. मी माठ मोजत होते आणि अर्धे राहिलेले पाहून खूश होत होते.

संध्याकाळी शेठ साइटवर आला. त्याने आधी फळी पाहिली, मग मला विचारलं की गळती लागली तर उत्तर कोण देणार. मी म्हटलं, मी. मग तो मुद्द्यावर आला. रोज साडेतीन तासांचे पैसे देतोय, सावली दिली, पाणी दिलं, आणि तरी बाई पडली. म्हणजे ह्याचा उपयोग नाही. उद्यापासून जेवणाची एक तास सुट्टी, पूर्वीसारखी.

मी त्याला सांगितलं की सुट्टीचा दोष नाही. बायका पाणी पीत नाहीत, कारण संडास नाही.

"मग ती त्यांची चूक झाली."

"नाही शेठ, माझी झाली. मी बाई आहे, मला कळायला हवं होतं."

मी पुढे म्हटलं की राहिलेला स्लॅब मी संडास झाल्यावर भरू देईन, त्याआधी स्लॅब भरायच्या मंजुरीच्या कागदावर सही करणार नाही. आणि दुपारची सुट्टी तशीच राहील. तो म्हणाला, सेंटरिंगचं भाडं माहितीये ना. मी म्हटलं, म्हणून तर लवकर बांधू, विटा इथेच पडल्यात. आम्ही त्या इमारतीत बारा फ्लॅटचे चोवीस संडास बांधत होतो. हे मी बोलून दाखवलं नाही. त्याने प्लॉटकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मिक्सर लावतो."

माठांपासून लांब, कंपाउंडच्या कोपऱ्यात शोषखड्डा खणला. वर दोन खोपटं, विटांची, मातीच्या जोडाची, पत्र्याची दारं, बाहेर पाण्याचं पिंप. त्या दोन दिवसांत साइटवरच्या बायकांनी पुरुषांइतकंच खणलं. धाकटी दुपारी सुट्टीत दवाखान्यात जाऊन यायची आणि सांगायची: बोलायला लागली. मूत्रपिंडाला इजा झालीय म्हणतात. अजून आठ दिवस ठेवणार.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला मिक्सर हजर होता, पण जुना जोड टोकरून, धुऊन काम सुरू व्हायला साडेसहा झाले. साखळीत चार बायका जादा घेतल्या होत्या, म्हणजे एकीला पाच मिनिटं बाहेर पडता येईल. सात वाजता मी हाक मारली की पाणी प्या. कुणी हललं नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी माठाशी गेले, सगळ्यांसमोर दोन पेले पाणी प्यायले. अर्ध्या तासाने हातातला नकाशा ठेवला आणि साइटच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत त्या पत्र्याच्या दाराशी गेले. गवंडी, मिक्सरवाला, मुकादम, सगळ्यांना दिसत होतं. परत आले तेव्हा धाकटी माठाजवळ उभी होती. तिच्यामागे आणखी दोघी.

साडेदहाला बायकांच्या कडेचे दोन्ही माठ रिकामे होते आणि परत भरावे लागले. स्लॅब अकराच्या आत संपला. सुट्टी पावसाळा लागेपर्यंत राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यातही. त्यानंतर मी जिथे गेले तिथे पाया खणायच्या आधी शोषखड्डा खणून घेतला. बहुतेक ठेकेदार कुरकुर करतात, पण करतात.

थोरली बरी होऊन सुरगाण्याला गेली. पुढच्या वर्षी धाकटी एकटीच आली. मी विचारलं तेव्हा म्हणाली की तिला ऊन सोसत नाही आता, चुलीपुढे बसली तरी गरगरतं. लावणीला मात्र उतरते, पावसात. तू सगळं सांगितलंस का तिला, मी विचारलं. सांगितलं, म्हणाली. संडासाचं, माठाचं, बाई आधी प्यायल्या ते.

"काय म्हणाली?"

"आतून कडी हाय का, तेवढं विचारलं."

मी त्या वर्षीच्या साइटवरच्या संडासाच्या दाराशी जाऊन पाहिलं. कडी होती, पण बाहेरून, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावलेली. आत काही नव्हतं; मी स्वतः दार हाताने ओढून धरत होते आणि तेही अंगवळणी पडलं होतं. गेल्या उन्हाळ्यापासून बायका एकीला बाहेर राखणीला उभी करून जात होत्या आणि मला कुणी बोललं नव्हतं. मी सुताराला बोलावलं आणि तो आतल्या बाजूने कडी ठोकेपर्यंत तिथेच उभी राहिले.