किर्तीचे पाच, नरेंद्रचे दोन

कात्रपच्या शलाका भोईरवर कुणी विश्वास ठेवला तर तिची ना नव्हती. तिचा मात्र कुणावरच नव्हता. दाराला कुलूप घातलं की तीनदा ओढून बघायची, जिना उतरून परत वर जायची आणि चौथ्यांदा ओढायची. भाजीवाल्याच्या काट्याकडे ती अशी रोखून बघे, की तो आपणहून एक टोमॅटो जास्त टाके.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. जीन्सवाल्यांच्या स्टॉकचं आणि चलनांचं, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या पावत्यांचं, सॉफ्टवेअर तिथे बनायचं. ती, किर्ती आणि नरेंद्र असे तिघं कोड लिहायचे, आणि वर टीम लीड हेमचंद्र सर. इथेही शलाकाची सवय सुटली नव्हती. घरी निघायच्या आधी सर्व्हरवरची ताजी माहिती ती आपल्या मशीनवर ओढून घ्यायची. याला फेच म्हणतात. त्यातून ती आपल्या कोडात काही मिसळायची नाही. कोण काय करतंय, एवढंच बघायचं.

सोमवारी सकाळी किर्ती किंचाळली.

"माझं काम कुठंय? अगं, रिलीज ब्रँचवर पाच कमिट होते माझे! अख्खं डाईंगचं चलन!"

कमिट म्हणजे नोंदवून ठेवलेला कामाचा एकेक टप्पा, ब्रँच म्हणजे अशा टप्प्यांची साखळी, आणि रिलीज ही गिऱ्हाइकाकडे जाणारी. या ऑफिसात दर सोमवारी सगळ्यांची मशीनं सर्व्हरसारखी करून घ्यायची पद्धत होती. त्यासाठी जुनी प्रत पुसून नवी उतरवणारी स्क्रिप्ट किर्तीने आल्याआल्या चालवली होती, त्यामुळे सर्व्हरवर जे नव्हतं ते तिच्या मशीनवरूनही गेलं. ब्रँच थेट गेल्या मंगळवारवर येऊन थांबली होती आणि तिच्या टोकाला नाव होतं नरेंद्रचं.

"बघ," किर्ती दबक्या आवाजात म्हणाली, "स्वतःच्या कामापर्यंत आणून ठेवलंय. पुढचं साफ. फोर्स पुश मारलाय कुणीतरी, सर्व्हरवरचं पुसून आपलं जबरदस्तीने बसवलंय."

"कुणीतरी कशाला?" शलाका म्हणाली. "राजीनामा कुणी दिलाय?"

नरेंद्रची नोटीस बुधवारी संपत होती. अंबरनाथचा हा मुलगा शांत होता, फार बोलायचा नाही. शलाकाच्या मते हाही पुरावाच होता.

"पण त्याचेही दोन गेलेत ना," किर्ती म्हणाली.

"मुद्दाम उडवले असणार. संशय येऊ नये म्हणून."

हे वाक्य सरांच्या केबिनपर्यंत पोचलं. सर्व्हरवर सगळ्यांसाठी एकच खातं होतं, त्यामुळे तिथे विचारून काही कळणार नव्हतं. हेमचंद्र सरांनी नरेंद्रचं मशीन काढून घेतलं आणि रिलीजला कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. "छडा लागेपर्यंत रिलीव्हिंग लेटर नाही," ते म्हणाले. पुढच्या सोमवारी त्याला पुण्यात रुजू व्हायचं होतं आणि त्या कागदाशिवाय तिथे उभं करणार नव्हते. संध्याकाळी दारात वॉचमन भीमरावमामांनी त्याची बॅग उघडायला लावली. डबा, छत्री, चार्जर. शलाका मागे उभी राहून डोकावत होती.

मंगळवारी नरेंद्र मशीन नसलेल्या टेबलाशी नुसताच बसला होता. ती त्याच्याकडे गेली.

"खरं सांग, नरेंद्र. केलंस ना?"

"नाही."

"मग कुणी केलं?"

"मला काय ठाऊक? प्रत्येक मशीन स्वतःची डायरी लिहितं. रीफ्लॉग. ब्रँच कधी कुठून कुठे हलली, सगळं असतं त्यात. माझी बघा म्हणालो, तर सर म्हणतात तू हात लावायचा नाहीस." तो हसला. "तूच बघ की. तुला असल्या गोष्टी आवडतात."

शलाकाला टोमणा कळला. पण कमांडही कळली. याच्या मशीनवर चालवायची तर आधी आपल्यावर चालवून बघू, म्हणून ती जागेवर बसली. सर हात लावू नका म्हणाल्यामुळे सोमवारची स्क्रिप्ट तिने चालवलीच नव्हती. सर्व्हरवरच्या रिलीज ब्रँचची आपल्याकडची नोंद तिने उघडली.

सगळ्यात वरची ओळ: पुशमुळे बदल. शुक्रवार, संध्याकाळी सहा बारा.

तिने मान वळवून मागे पाहिलं. कुणी नव्हतं.

शुक्रवारी सहा बाराला काय करत होते मी? आपल्या चलन ब्रँचचा शेवटचा कमिट दुरुस्त केला होता. सर्व्हर तो घेईना म्हणून फोर्स पुश केला. स्क्रीनवर दोन ओळी आल्या होत्या. वरची चलनची, ती वाचली. खालची न वाचताच लॅपटॉपचं झाकण पाडलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा शलाकाने कुलूप ओढून बघितलं नव्हतं.

तिने सेटिंग तपासली. पुश डिफॉल्ट: मॅचिंग. म्हणजे ब्रँचचं नाव न देता पुश केला, की दोन्हीकडे सारख्या नावाच्या जेवढ्या ब्रँच असतील तेवढ्या जातात. तिच्याकडची रिलीज मंगळवारची, शिळी. तीही फोर्ससकट गेली आणि ताजीच्या जागी बसली. मशीन मुळात हेमचंद्र सरांचं, सेटिंगही त्यांच्याच काळातली.

खालची ओळ मात्र होती: फेच, शुक्रवार, पाच चाळीस. पुशच्या बत्तीस मिनिटं आधी, सवयीने केलेली चौकशी. त्या ओळीतल्या क्रमांकावरून तिने एक नवी ब्रँच उभी केली.

"किर्ती, इकडे ये. मोज."

"एक, दोन... अगं माझे पाच! नरेंद्रचे दोन! कुठे सापडले?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडे कसे?"

शलाकाने पहिला कमिट उघडला. सातही उघडून पाहून झाल्यावर सरांना विचारून तिने ते रिलीजवर पाठवले. मंगळवारनंतरचंच काम असल्याने ब्रँच सरळ पुढे सरकली, फोर्स लागला नाही. "सापडलं ना? संपला विषय," सर म्हणाले. तेवढ्यावर संपवता आलं असतं. नरेंद्र अंगावर संशय घेऊन पुण्याला गेला असता, किंवा गेलाच नसता.

ती मेल लिहायला बसली. इंग्रजीत सुरुवात केली, तर दोन वाक्यांत कुणाचंही नाव न येता कमिट आपोआप गेले आणि आपोआप परत आले. तिने ते खोडलं आणि मराठीत लिहिलं.

"सर,
शुक्रवारी ६.१२ ला रिलीज ब्रँचवर फोर्स पुश माझ्या मशीनवरून, माझ्या हातून झाला. मला फक्त चलन ब्रँच पाठवायची होती. पुशची सेटिंग मॅचिंग असल्यामुळे माझ्याकडची जुनी रिलीजही गेली आणि किर्तीचे पाच व नरेंद्रचे दोन कमिट ब्रँचवरून उडाले. मंगळवारचा शेवटचा कमिट नरेंद्रचा होता, म्हणून टोकाला त्याचं नाव दिसलं. त्याने काहीही केलेलं नाही.
माझ्या रीफ्लॉगमध्ये ५.४० च्या फेचची नोंद होती. तिच्यावरून ब्रँच काढून सातही कमिट परत आणले. किर्तीने तपासले आहेत.
मी सेटिंग बदलली आहे. रिलीजवर फोर्स पुश बंद करावा आणि प्रत्येकाला वेगळं खातं द्यावं.
नरेंद्रवर संशय आधी मी घेतला. त्याचं लेटर अडवू नये.
शलाका"

प्रत किर्तीला, प्रत नरेंद्रला. पाठवलं.

पाच मिनिटांत केबिनमधून हाक आली.

"हे नरेंद्रने लिहून घेतलं का तुझ्याकडून?"

"नाही सर."

"आणि मशीन आधी कुणाचं होतं, ते नाही लिहिलंस. का?" सर डोळे बारीक करून बघत होते. "राखून ठेवलंयस?"

शलाकाला आरशात बघितल्यासारखं झालं.

"तीन वर्षं मी वापरतेय, सर. बघायचं मी होतं."

सरांनी मेल पुन्हा वरून खाली वाचला. मग प्रिंटरचा आवाज आला.

बुधवारी नरेंद्र निघाला तेव्हा शलाका दारापर्यंत आली. भीमरावमामा खुर्चीतून उठले नाहीत. पण दोन दिवसांची सवय. नरेंद्रने खांद्यावरची बॅग काढली, तिची चेन उघडली आणि शलाकासमोर धरली. डबा, छत्री, चार्जर आणि वर पारदर्शक फोल्डरमध्ये लेटर.

"बघून घे," तो म्हणाला. हसून म्हणाला की नाही, ते तिला कळलं नाही.

तिने आत न बघता चेन लावली.