नाव छापलेला चेक

माझी नोकरी तीन कागद शेजारी ठेवून वाचण्याची आहे. पुरवठादाराचं बिल, त्यानं नोंदणीच्या वेळी भरलेला फॉर्म आणि रद्द केलेला चेक. तिन्हींवर बँकेचा खातेक्रमांक असतो आणि तिन्हीकडे तो एकच असला पाहिजे. नसला तर पैसे थांबवायचे. ऐकायला किती सोपं! बडोद्याजवळ वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी चौदा वर्षं हेच करते आहे आणि अजून दर आठवड्याला कुणीतरी माझं डोकं फिरवतंच.

मी आकडे चार-चारच्या गटांत, बोट ठेवून, पुटपुटत वाचते. एकदा डावीकडून आणि एकदा उलटे, शेवटाकडून. उलटं वाचलं की डोळा सवयीनं पुढे पळत नाही. ही खोड घरीही येते. सुभानपुऱ्यात आमच्या स्वयंपाकघरात मी गॅसच्या पुस्तकावरचा नंबर पुटपुटत असले की नवरा म्हणतो, "झालं, बाईंनी सिलिंडरसुद्धा तपासायला घेतला." हसू दे. पैसा खातेक्रमांकावर जातो, नावावर नाही. एक आकडा चुकला की तो जाऊन बसतो भलत्याच माणसाकडे, आणि तिथून परत आणताना नाकी नऊ येतात.

दोन गोष्टींवरून मी लोकांना हमखास झापते. पहिली, रद्द चेकवर सही करू नका. आडव्या दोन रेघा, मध्ये 'रद्द' असं लिहिलं की झालं. सही कशाला हवी? तरी निम्मे लोक झोकात सही करून पाठवतात. दुसरी, चेकवर फर्मचं नाव छापलेलं हवं. खातं उघडल्यावर बँक हातात जे पहिलं चेकबुक देते त्यावर बऱ्याचदा नावच नसतं. अशा चेकवरून खातं नक्की कुणाचं हे मला कसं कळणार? फोनवर मी एकच वाक्य म्हणते, "नाव छापलेलाच चेक पाठवा," आणि ठेवून देते. एवढंच म्हणते. त्या वाक्यानं काय होऊ शकतं ते मला गेल्या वर्षी कळलं.

पादऱ्याहून आम्हाला लाकडी खोकी येतात. पंप परगावी पाठवायचे म्हणजे मजबूत खोकी लागतात. तो कारखाना चालवणारा माणूस बरीच वर्षं आमच्याकडे येत होता. कमी बोलणारा, पण बिलावर सही मोठी ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत. पावसाळा संपता संपता तो आजारपणात गेला. मग त्याच्या बायकोनं काम पुढे न्यायचं ठरवलं. फर्मचं नाव तेच ठेवलं, पण मालक बदलला की पॅन नवा, जीएसटी नंबर नवा, बँकेतलं खातंही नवं. म्हणजे आमच्या दप्तरी ती नवी पुरवठादार. तिनं फॉर्म भरून पाठवला, पहिली खोकी पाठवली, बिल पाठवलं.

त्या शुक्रवारी तिचे तीन कागद माझ्यासमोर आले. शुक्रवारी चार वाजता आम्ही आठवड्याच्या पेमेंटची यादी बँकेला पाठवतो. नंतर आलेलं पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबतं.

बिलावरचा नंबर आणि फॉर्मवरचा नंबर एकच निघाला. चेकवरचा वेगळा. एखादा आकडा इकडचा तिकडे असता तर समजलं असतं, पण हा अख्खा नंबरच निराळा होता. शाखा तीच, छापलेलं नाव तेच, खातं दुसरं. समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं आमच्या रिवाजाप्रमाणे चेकचा नंबर संगणकात घालून ठेवला होता. रिवाज असा की हातानं लिहिलेलं चुकू शकतं, छापील तेच खरं.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. साहेब स्वभावानं चांगले, पण शुक्रवारी त्यांना सगळंच चालतं. म्हणाले, "अरे बेन, चेक छापेलो छे ने? नाव जुळतंय. चालशे. जाऊ द्या."

"साहेब, दोन कागद एक सांगतात आणि तिसरा दुसरंच सांगतो. मी नाही सही करणार."

"मग थांबवा. पुढच्या शुक्रवारी बघू."

तेही मला पटेना. जागेवर येऊन पुन्हा चेक पाहिला. मूळ चेकच होता, झेरॉक्स नव्हती. आडव्या दोन रेघा, मध्ये कापऱ्या अक्षरात 'रद्द'. आणि खाली सही. मी सवयीनं चिडले, पुन्हा सही केलीच ना! मग त्या सहीची शेपटी दिसली, चेकच्या कडेपर्यंत गेलेली.

गेलेल्या माणसाची सही नव्या मालकिणीच्या कागदांत कशी? कुणी घरातलंच तिच्या नावावर काही करतंय की काय, असंही मनात आलं. आमच्या कामात संशय आधी येतो, काय करणार.

अशा वेळी बिलावरच्या नंबरला फोन करायचा नसतो. बिलच खोटं असेल तर त्यावरचा फोनही खोटाच असणार. मी जुन्या फाइलमधला नंबर लावला. तिनंच उचलला. नवऱ्याचा फोन ती अजून चालू ठेवून होती.

मी विचारलं, "बेन, हा चेक तुम्ही पाठवलात?"

"हो. तुम्हीच तर सांगितलंत." ती गुजरातीत बोलत होती, हळू, पण आवाज ताठ. "मी माझ्या नव्या खात्याचा चेक पाठवणार होते. त्यावर नाव नाही. तुम्ही म्हणालात नाव छापलेलाच हवा. घरात नाव छापलेला एकच होता. त्यांच्या खात्याचा. दवाखान्यात जायच्या आधी लाकूडवाल्यासाठी सही करून ठेवला होता त्यांनी. मी ठेवला होता जपून." मग म्हणाली, "रेघा मारताना हात चालत नव्हता. पण तुमचा नियम."

मी जीभ चावली. माझा नियम! मी तो ज्या घाईनं फोनवर फेकला होता ती आठवून मला स्वतःचीच चीड आली. त्या बाईनं घरातली शेवटची सही माझ्यासाठी खोडली होती, आणि मी संशय घेत बसले होते.

"आणि ते जुनं खातं?"

"बँकेनं बंद करून ठेवलंय. वारसाचे कागद झाल्याशिवाय त्यातलं काही हलत नाही."

म्हणजे चेकच्या नंबरवर पैसे गेले असते तर त्या कुलपात जाऊन बसले असते, महिनोन्‌महिने. मी विचारलं, पुढच्या शुक्रवारी दिले तर चालेल का. ती म्हणाली, तिच्याकडे दोन सुतार आहेत, नवऱ्याच्या वेळेपासूनचे. शनिवारपर्यंत थांबतो म्हणालेत. वाघोडियालाच कुणीतरी त्यांना बोलावतंय. "ते गेले तर बेन, मला एकटीला करवत धरता येत नाही."

घड्याळात बारा वाजले होते. मी म्हटलं, "आत्ता बँकेत जा. मॅनेजरकडून पत्र घ्या. त्यावर खात्याचं नाव, नंबर, शाखेचा कोड, शिक्का आणि सही. घेऊन इथे या. चारच्या आत."

पादरा गाव शहराच्या एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. मध्ये सगळं बडोदं. फोन ठेवल्यावर मला वाटलं, आपण काय बोलून बसलो! दोन वाजले, तीन वाजले. साहेब मधून येऊन विचारून गेले, यादी बंद करायची का. मी म्हटलं, "तुमचं घड्याळ पुढे आहे."

पावणेचारला ती आली. साडीचा पदर घट्ट खोचलेला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एकच कागद. बस, मग रिक्षा, मग वसाहतीच्या फाटकापासून चालत. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि कागद ओढून घेतला, जरा हावरटासारखाच. बिल, फॉर्म, पत्र. डावीकडून वाचलं, उलटं वाचलं. तिन्ही एक! सहकाऱ्यानं नंबर बदलला, मी तपासला, साहेबांनी मंजूर केला. मग आम्ही त्या खात्यात आधी एक रुपया पाठवला. खातं जिवंत आहे का आणि कुणाच्या नावाचं, हे त्यावरून कळतं. पडद्यावर तिच्या फर्मचं नाव आलं. त्याच वेळी तिच्या पिशवीत फोन वाजला.

तिनं मेसेज वाचला. "एक रुपया?"

"बाकीचे मागून येतायत," मी म्हटलं, आणि ती हसली. मग एकदम रडायला लागली. मला असल्या वेळी काय करावं ते कळत नाही. मी पेल्यात आणखी पाणी ओतलं. चारला दोन मिनिटं कमी असताना यादी बँकेला गेली, तिचं बिल धरून.

जाताना मी तो चेक तिला परत दिला. आमच्या फाइलला त्याची गरज नव्हती. तिनं रेघांवरून अंगठा फिरवला, जणू पुसल्या जातील, आणि चेक पिशवीत ठेवला. मी म्हटलं, "माझं चुकलं, बेन. मी नीट विचारायला हवं होतं." हे मी ऑफिसात फारसं कुणाला म्हणत नाही.

सोमवारी मी साहेबांच्या डोक्यावर बसून फॉर्म बदलून घेतला. आता त्यावर स्पष्ट लिहिलंय, चेकवर नाव नसेल तर बँकेचं पत्र चालेल. आणि तीन कागदांत फरक दिसला तर कुठलाही एक खरा धरायचा नाही, आधी फोन करायचा. फोनवर माझं ते वाक्यही मी सोडलंय. आता मी विचारते, "तुमच्याकडे काय काय आहे?" लोक खूप काही सांगतात मग. वेळ जातो, पण जाऊ दे.

दोन महिन्यांनी पादऱ्याहून खोक्यांचा टेम्पो आला, दोन्ही सुतार सामान उतरवायला बरोबर. एकानं माझ्याकडे लिफाफा दिला. आत तिचा नवा रद्द चेक होता, आमच्या फाइलसाठी. आता नाव छापलेला. रेघा ठळक, 'रद्द' ठसठशीत. मी नंबर वाचला, डावीकडून, मग उलटा. बरोबर होता.

आणि खाली सही! मी सांगून सांगून थकले तरी सही. तिची स्वतःची, मोठी, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कडेपर्यंत नेलेली.

मी फोन उचलला होता झापायला. मग ठेवून दिला.