मामांचा गंधार

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका नेमका माणूस भिलाईत दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका वेडाही नाही. हे विधान मी पूर्ण विचारांती करते आहे. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांच्या याद्या गेली अठरा वर्षं मी करते, त्यामुळे या गावातले वेडे कोण, किती आणि कुठल्या प्रकारचे, याची मला व्यवस्थित कल्पना आहे. कवी सात, नकलाकार तीन, शंखवादक एक. पण कोहका वस्तीतल्या घरात पुढच्या खोलीतून सोफा बाहेर काढून त्या जागी दहा तारांचं, तीन पेडलांचं आणि गुडघ्याने ढकलायच्या चार दांड्यांचं अमेरिकन वाद्य स्वतःच्या हातांनी बनवून ठेवणारे मामा एकटेच.

मामा पोलाद कारखान्याच्या मशीन शॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. लेथवर केसभर जास्त कातलेला सुटा भाग, म्हणजे जॉब, परत पाठवायचा, ही त्यांची ख्याती. घरीही तेच. मामींनी लाटलेली पोळी ते उजेडात धरून बघत, आणि लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ आधी पाणसळ लावून मग टांगत. तरुणपणी रेडिओच्या शॉर्टवेव्हवर त्यांनी कधीतरी एक सूर ऐकला. तो एका जागी उभा राहत नव्हता, रडता रडता हसल्यासारखा वर सरकत होता, आणि त्याच्या शेजारचे सूर मात्र जागचे हलत नव्हते. हा सूर निघतो कसा, या प्रश्नाने त्यांना चाळीस वर्षं छळलं. निवृत्तीनंतर इंटरनेट हाती आलं आणि उत्तर मिळालं: पेडल स्टील गिटार.

हे वाद्य मांडीवर घेत नाहीत, टेबलासारखं पायांवर उभं करतात. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत दांडू, तो तारांवरून सरकवायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. टोकाला प्रत्येक तार एका अर्धगोल धातूच्या बोटावरून जाते. पेडल दाबलं की खालची सळई ते बोट ओढते, तार ताणली जाते आणि ठरलेल्या जागी अडते. म्हणजे सा, ग, प असे तिन्ही सूर वाजत असताना दोन पेडलं एकत्र दाबली की ग चा म होतो, प चा ध होतो, आणि सा हलत नाही. "एक भाऊ घरी राह्यला, दोघं शिकायले गेले, तरी कुटुंब एकच," असं मामा समजावून सांगत. उजव्या पायाखाली आवाजाचं वेगळं पेडल असतं. तार छेडून झाली, सूर विझायला लागला, की ते हळूहळू दाबत जायचं, म्हणजे सूर तेवत राहतो. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे वेगवेगळ्या कामाला. मामींच्या मते लग्नानंतर मामांनी इतके अवयव एकाच वेळी कधी हलवले नव्हते.

गुडघ्यांचा सराव ते कुठेही करत. एकदा कुम्हारीहून बसने येताना त्यांचा डावा गुडघा शेजारच्या प्रवाशाला सारखा लागत होता. तो बिचारा काळजीने म्हणाला, "चाचा, तबीयत ठीक है ना?" मामा म्हणाले, "एकदम ठीक. सा को आधा उतार रहा हूँ." तो माणूस पुढच्या स्टॉपवर उतरला, त्याचं गाव तेच होतं की नाही, कोण जाणे.

आणि मामांचं व्याख्यान! साखरपुडा असो, बारसं असो, कोणी "हे तुमचं काय वाजवणं" एवढं म्हणायचा अवकाश. "ऐक. साठीचं दशक सरत आलं होतं. अमेरिकेतले पोट्टे नुसता कल्ला करून राहिले होते. फीत उलटी वाजव, आवाज फाडून टाक, एकेक गाणं अर्धा अर्धा घंटा. मंग थकले ना! तेव्हा त्याईले आठवलं, आपला आजा शेतात गात होता. ढोल अन् बिजलीची गिटार ठेवली, पण सोबत फिडल आणलं, बॅन्जो आणला, दोघं-तिघं गळ्यात गळा घालून गायले लागले. अन् हे स्टील वाजवायले गावाकडल्या दारूच्या गुत्त्यातले पिकले वादक बोलावले. एका खोलीत लांब केसांचे पोट्टे अन् बारीक केसांचे बुवा! गाणी कायची? खाणीची, रेल्वेची, जप्त झालेल्या शेताची. त्यात कहाणी. शहरवाले म्हणे हे गावंढळ, गाववाले म्हणे हे केसाळ. दोहीकडून शिव्या. पण वाजवत राह्यले." इथे मामा थांबत आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलंय का ते बघत. सहसा समोरचा जेवणाच्या पंगतीकडे बघत असे.

तर गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी त्यांना दहा मिनिटं दिली. वाद्य दिसायला देखणं होतं, सळया आरशासारख्या चमकत होत्या. पण पहिला झंकार उठला आणि सभागृहात कसंनुसं झालं. दात आंबल्यासारखं. सूर चुकीचे नव्हते, पण बरोबरही नव्हते. एकत्र आले की आत काहीतरी थरथरायचं. मागून कोणीतरी ओरडलं, "भोंगा झाला रे, शिफ्ट सुटली!" आणि दोनशे माणसं हसली. मामांनी वाजवणं पूर्ण केलं, नमस्कार केला आणि घरी येऊन वाद्यावर चादर घातली.

दुसऱ्या दिवशी चादर काढून त्यांनी सगळं वाद्य उघडलं. पाच महिने दोष शोधला. सळया बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, लाकूड दाबाखाली वाकतं का ते मोजलं. दर रविवारी सकाळी मी पावर हाउसच्या बाजारातून भाजी घेऊन येताना डोकावत असे. सूर मोजायचं मीटर लावलेलं, दहाही तारांना हिरवा दिवा, आणि मामा डोक्याला हात लावून. "सूनबाई, मीटर शून्य दाखवते. शून्य! एक कण इकडं नाई का तिकडं नाई. तरी कावून असं वाजते?" मग त्यांनी जाहीर केलं, "यंदा पुन्हा बसतो. यंदाही हसले, तर ह्या सळया काढून वालाच्या वेलाले मांडव करतो."

मला ते बोलणं गंमतीचं वाटलं नाही. कारण त्या दिवशी मला कळलं की मामांना नुसतं वाजवायचं नव्हतं. त्यांना एक गाणं म्हणायचं होतं. त्यांचे वडील नागपूरकडून येऊन रेल्वेत लागले. दुर्ग लाइनीवर चावीवाले. रोज खांद्यावर हातोडा टाकून आपल्या हिश्श्याचा रूळ पायी चालायचा, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी पाचरी, म्हणजे चाव्या, सैल झाल्या की ठोकायच्या, तडा दिसला की लाल झेंडी. मामांनी त्यांच्यावर गाणं रचलं होतं. मी यादीवाली बाई, मी विचारलं, "पण मामा, त्यात घडतं काय?"

"काहीच नाई घडत. तीस वर्षं त्याच्या हिश्श्यात एक गाडी घसरली नाई. काही झालं नाई, हेच तर त्यानं केलं! हे कोणी सांगन का नाई?"

मी दुसरा प्रश्न न विचारता यंदाच्या यादीत त्यांचं नाव लिहून टाकलं. असं फार वेळा होत नाही.

उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून. मामी भजनी मंडळात गातात. एका रविवारी त्या तिथेच तानपुरा घेऊन बसल्या होत्या आणि पुढच्या खोलीत मामा तेच तीन सूर छेडत होते. मामी तानपुरा उचलून पुढच्या खोलीत आल्या.

"अवो, तुमचा गंधार चढून राहिला."

"काही चढला नाई. मीटर हिरवं हाय."

"मंग मीटरले भजन म्हणायले लावा."

"तीस वर्षं मोजमाप केलं म्या, मले शिकवतेस?"

"अन् म्या तीस वर्षं तुमचं ऐकलं. आता तुम्ही ऐका."

मामींनी तानपुऱ्याचा सा धरला. मामांनी कुरकुरत गंधाराची खुंटी थोडी सैल केली. आणखी थोडी. सुरांच्या आतली ती थरथर मंदावत गेली, लांबली आणि अचानक नाहीशी झाली. खोलीत फक्त एक सपाट, शांत, गोड नाद उरला. मामांनी मीटर बघितलं. दिवा लाल होता. त्यांनी पेडलं दाबली, धैवत लागला, तोही मामींनी उतरवायला लावला. तो बसला तेव्हा मीटरचा दिवा पुन्हा लाल झाला. तिकडचे जाणते वादकही हेच करतात, असं नंतर त्यांच्या वाचनात आलं: मीटर प्रत्येक सुराला सारख्या अंतरावर बसवतं, पण हे सूर एकत्र लांब धरायचे तर ग आणि ध जरा खाली ठेवावे लागतात. मशीन शॉपच्या फोरमनने प्रत्येक तार बिनचूक लावली होती, हाच तो दोष होता.

मामांनी त्या लाल दिव्याकडे एकदा बघितलं. मग मीटरची बॅटरी काढून त्यांनी खिशात टाकली आणि म्हणाले, "पुन्हा सा दे."

यंदा मी त्यांना फॅन्सी ड्रेसनंतर ठेवलं होतं. वाघ, भाजीवाली आणि दोन झाशीच्या राण्या अजून सभागृहात पळत होत्या. मागच्या रांगेत कोणीतरी भोंग्याची नक्कल आधीच करून ठेवली. मामांनी तारांवर दांडू ठेवला, आवाजाचं पेडल हलकेच उघडलं आणि साध्या, जराशा बसक्या आवाजात सुरुवात केली:

बाप माहा चालत गेला, रूळ त्याच्या संग,
मागून गाडी नीट गेली, कोणी नाई दंग.

"चालत गेला"वर ग वर सरकून म झाला, प चा ध झाला, आणि सा तसाच उभा राहिला. सभागृहातली कुजबूज थांबली. एक झाशीची राणी पायरीवर बसली. मामा गात होते ऊन, गिट्टी, तापलेला रूळ, हातोड्याचा ठोका आणि संध्याकाळी घरी येऊन बापाने विचारलेला एकच प्रश्न: सगळ्या गाड्या गेल्या ना? शेवटचा सूर त्यांनी उजव्या पायाने इतका लांब तेवत ठेवला की टाळ्या कधी वाजवायच्या ते कोणालाच कळेना. मामी विंगेत उभ्या होत्या, ताठ, स्वतः कातून काढलेला जॉब पास झाल्यासारख्या.

पण खरी गोष्ट कार्यक्रमानंतर झाली. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ मामांजवळ आले. म्हणाले, "माहे वडील इंजिनात कोळसा टाकायचे. त्याईचंही काही विशेष नाई." मग एक बाई आल्या, त्यांचे वडील रेल्वेचे फाटकवाले होते. मग आणखी एक. त्यांच्यासोबतची नातवंडं हिंदीत विचारत होती, "दादी, सच में? परनाना गेट खोलते थे?"

तेव्हापासून दर रविवारी कोहक्याला कोणी ना कोणी आपला बाप घेऊन येतं. कोणाला नाव, गाव, ड्यूटी सगळं आठवतं. कोणाला फक्त डब्याचा वास. मामा ऐकतात, एक कडवं बसवतात. गाणं आता एकोणीस कडव्यांचं झालं आहे. मामा शहात्तर वर्षांचे आहेत, डावा गुडघा दुखतो, आणि बाहेर ओसरीवर अजून चौघं बसलेले असतात. परवा मी म्हटलं, "मामा, जरा विश्रांती घ्या, पुढच्या आठवड्यात करू." त्यांनी दारातल्या म्हाताऱ्या बाईंकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा बाई. सांगा, तुमचे वडील कुठून चालायले लागत?"