डब्यावरचा त्रिकोण

केंद्रावरून पहिलीसाठी आकारांचा कागद आला, त्यावर फ्रीज होता, केक होता आणि आइस्क्रीमचा कोन होता. आमच्या तांड्यात फ्रीज कोणाच्या आज्यानं पाहिला होता? मी तो कागद कपाटात टाकला आणि कार्बन घालून नवा केला. डाव्या बाजूला सपाट आकार: वर्तुळ, त्रिकोण, चौरस, आयत. उजव्या बाजूला घनाकृती: गोल, शंकू, वृत्तचिती, इष्टिकाचिती. प्रत्येकासमोर रिकामी जागा. पोरांनी घरातली वस्तू आणायची आणि तिचं नाव त्या जागेत सांगायचं, मी लिहीन.

मी यवतमाळची, कारकुनाच्या घरातली. दारव्ह्याहून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन रोज तांड्यावर यायचे आणि सकाळीच डोकं तापलेलं असायचं. पोरं घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलायची, आईला याडी म्हणायची; शाळेत मराठी. इष्टिकाचिती म्हणताना माझीच जीभ अडखळायची, पोरं मात्र बिनधास्त म्हणायची. नवीनच भाषा शिकायची तर लहान शब्द काय न मोठा काय.

एक पोरगी मात्र बोलायचीच नाही. पहिलीत तिचं दुसरं वर्ष. दिवाळीआधी तिचा बाप आला. त्या वर्षांत कापसाचं कोणाचंच धड नव्हतं. वेचणीला घरचे सगळे हात लागायचे, आणि शेताच्या धुऱ्यावर धाकट्याला सांभाळायला कोणीतरी हवंच.

"हिच्या डोस्क्यात काही शिरून राह्यलं असन तं ठेवतो बाई," तो म्हणाला. "नाई तं कायले उगा बसवाची?"

"शुक्रवारी या. तुमच्यासमोरच विचारते," मी म्हटलं. म्हणून तर बसले. तिला किती येतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

शुक्रवारी बाप दाराशी उकिडवा बसला. पोरीनं ओढणीच्या तुकड्यातून सामान काढलं. कवठ ठेवलं, म्हणाली, "गोल." घासलेटचं नरसाळं: "शंकू." काडेपेटी: "इष्टिकाचिती." मी काडेपेटी कागदावर ठेवून तिच्या हातात पेन्सिल दिली. तिनं कडेनं रेघ फिरवली, पेटी उचलली आणि खाली उमटलेल्या आकाराला म्हणाली, "आयत." कवठाभोवती रेघ मारायला ती गेलीच नाही. ते कागदाला नुसतं एका ठिपक्यावर टेकतं, हे तिनं करून पाहिलेलं असणार. मला इतका आनंद झाला की बापाकडे पाहायचंही राहून गेलं.

शेवटी तिनं पोटाशी धरलेला पत्र्याचा डबा पुढं केला. "वृत्तचिती." बुडाभोवती पेन्सिल फिरवली. "वर्तुळ."

"आणि त्रिकोण?" मी विचारलं. ती जागा रिकामीच होती.

तिनं डबा फिरवला. राखेनं घासून घासून रंग उडाला होता, तरी एका टोकावर उभा केलेला चौकोन दिसत होता, मधून दुभागलेला. खालच्या लाल भागावर तिनं बोट ठेवलं. "त्रिकोण."

उत्तर अगदी बरोबर होतं. वरच्या अर्ध्यात कवटी होती.

"घरी काय ठेवता यात?"

"याडी मीठ ठेवते."

मी डबा हिसकावलाच. पोरगी दचकली, ओठ मिटले. बाप उठून आत आला.

"चुकली ना?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं पोरीचा हात धरला, निघायला.

"थांबा हो. ती नाही चुकली. सगळं बरोबर सांगितलंय." माझा आवाज चढला होता. "हा फवारणीचा डबा आहे. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष. यात मीठ ठेवता?"

"तीनदा राखीनं घासला व्हता बाई. वासयी येत नाई."

"घासून जात नाही ते. मीठ फेका आजच. डब्याला भोकं पाडा अन् विहिरीपासून लांब पुरा."

तो डब्याकडे पाहत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, बायकोलाही नाही. दुकानातून आणताना कोणी सांगितलं नव्हतं, आणि इतका चांगला पत्रा टाकून द्यायला कोणाचं मन होतं? घरी असे आणखी असतील, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

पोरगी अजून माझ्याकडेच पाहत होती. मी तिच्यासमोर कागदावर लिहिलं, डबा, आणि पुढं बरोबरची खूण केली. त्रिकोणापुढंही केली. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

बापानं तिचा हात सोडला.

"धाकट्याले तिची माय पाठीशी बांधून नेईन," तो म्हणाला. "हिले राहू द्या. आज घरी आली की सारे डबे दाखवतो तिले. घरात त्रिकोण फक्त हिलेच ओळखू येते."