सारखे पैसे, कमी-जास्त सोनं

लासूर स्टेशनचा प्लॉट विकला तेव्हा आईनं आम्हा दोघी बहिणींना सारखी रक्कम दिली. "सोनंच घ्या," एवढंच तिचं म्हणणं.

ताईनं त्याच आठवड्यात शहागंजातल्या दुकानातून पाटल्या उचलल्या. मला धीर झाला नाही. भाव चढलेला, उद्या उतरला तर? मी पैसे बँकेत ठेवले आणि त्याच दुकानात मासिक हप्ता सुरू केला. ज्या दिवशी हप्ता, त्या दिवशीच्या भावानं जेवढं येईल तेवढं सोनं माझ्या नावावर जमा. वर्ष संपलं की नाणं घ्यायचं, पुन्हा नवा हप्ता. ताईला मी म्हणायचे, "तू घाई केलीस."

भाव उतरलाच नाही. मध्ये थोडा दबला की मला बरं वाटायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा वर. तीन वर्षांनी माझे पैसे संपले. बँकेचं व्याजसुद्धा हप्त्यांतच गेलं होतं. ताईला तेव्हा पाटल्या उजळून घ्यायच्या होत्या, म्हणून माझी नाणीही बरोबर घेऊन आम्ही तिघी दुकानात गेलो. आईनं हौसेनं दोघींच्या सोन्याचं वजन करायला लावलं.

माझी नाणी बरीच कमी भरली.

"दोघींला सारखेच पैसे दिले व्हते ना म्या?" आई दुकानदाराला म्हणाली. "मग हिचं कमी कसं?"

"आजी, भाव वाढत गेला. तेवढ्याच पैशात दर महिन्याला कमी सोनं येत गेलं."

"पण ताईनं घडणावळ भरली होती," मी म्हणाले. "माझ्या नाण्यांना ती जवळजवळ नाहीच."

"बरोबर. मोडायला आणल्या तर पाटल्यांची घडणावळ परत मिळत नाही. तरी सोनं त्यांच्याकडंच जास्त आहे. भाव पडत गेला असता, तर तुमचं जास्त भरलं असतं."

म्हणजे मी चुकले होते की नुसता भाव चुकला होता? मला समजेना.

आईनं बोटातली अंगठी काढली आणि माझ्या नाण्यांशेजारी ठेवली. "घे. माझ्याकडून वाटणी सारखी पायजे."

ताईचा चेहरा उतरला. "आई, भाव पडला असता तर अंगठी मला दिली असती का?"

"व्हय," आई म्हणाली. मग अंगठीकडं बघत म्हणाली, "म्हंजी... नाय माहीत."

मी अंगठी पुन्हा आईच्या बोटात घातली. ती नको नको म्हणत राहिली.

परतताना रिक्षात आईनं दोनदा विचारलं, "मग कुणाचं बरोबर झालं?" ताई म्हणाली, "माझं." मीही मान डोलावली. पण हातात पुन्हा तेवढी रक्कम आली, तर एकदम घेईन की हप्त्यानं, हे मला आजही सांगता येत नाही.